खुलासा: एचबीए1सी आणि 20 चा गुणाकार

सध्या फिरणाऱ्या एका मेसेजमध्ये लिहिलंय: "एचबीए1सीला 20 ने गुणा, तीन महिन्यांची सरासरी साखर मिळते."

एचबीए1सी म्हणजे रक्तातल्या किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे, ते सांगणारी तपासणी. मेसेजमधला हिशेब चुकीचा आहे. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातलं, आजही प्रयोगशाळा वापरतात ते सूत्र असं, त्यात eAG म्हणजे अंदाजे सरासरी साखर:

```
eAG (mg/dL) = 28.7 × HbA1c − 46.7
```

रिपोर्टमध्ये 9 टक्के असेल, तर 258.3 वजा 46.7, म्हणजे सुमारे 212. मेसेजप्रमाणे 180 येतात आणि वाढलेली साखर आटोक्यात वाटते, याचीच मला काळजी वाटते. 5.4 च्या आसपास दोन्ही उत्तरं जुळतात, म्हणून निरोगी माणसाला तो मेसेज खरा वाटतो. पुढे फरक वाढतच जातो.

रक्तक्षय असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल, तर मूळ टक्केवारीच फसवी असू शकते. तेव्हा सूत्रही उपयोगाचं नाही, डॉक्टरांना विचारा. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.