हप्ता सरासरीवर नाही, श्रावणावर ठरवा

आमच्या वहिनींनी गेल्या हिवाळ्यात मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं ठरवलं. गावात कांडप नाही, बायका मसाला दळायला तालुक्याला जातात, म्हणजे धंदा चालणार यात शंका नव्हती. मुद्रा कर्जात पन्नास हजारांच्या वर गेलं की 'किशोर' गट लागतो, तारण मागत नाहीत. दुकानदाराने कोटेशन दिलं, प्रोजेक्ट रिपोर्टही त्यानेच ओळखीच्या माणसाकडून करून दिला: दोन यंत्रं, वर पत्र्याची शेड, कर्ज दीड लाख, व्याज ११ टक्के, मुदत तीन वर्षं, हप्ता साधारण ४,९१०. महिन्याला सरासरी साडेसहा हजार सुटतात असं रिपोर्टात लिहिलं होतं. बँकेला तेवढं पुरलं असतं. मला नाही पुरलं.

कारण कांडपाचा धंदा सरासरीने चालतच नाही. मार्च ते मे वर्षाचा मसाला होतो, पाऊस सुरू झाला की मिरची वाळत नाही आणि गिऱ्हाईक थांबतं. मी वहिनींना म्हटलं, "तुम्ही चार दिवस तालुक्याच्या डंक्यावर बसा आणि त्या मावशींना पावसाळ्यात किती किलो येतं ते विचारा." त्यांनी विचारलं, मग आम्ही वहीत मांडलं. किलोला ४० रुपये धरले. उन्हाळ्यात दिवसाला २० किलो, लाईट बिल, जाळ्या आणि मदतनीस बाई वजा जाता महिन्याला १४,८०० हातात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी साधारण पाच हजार. जून ते सप्टेंबर दिवसाला जेमतेम तीन किलो. वीजबिलातला स्थिर आकार यंत्र बंद असलं तरी भरावाच लागतो, तो आणि बाकी खर्च काढून २,१०० उरतात.

वर्षाचे झाले ७७,८००, हप्त्यांचे जातात ५९ हजार. कागदावर सगळं ठीक. पण पावसाळ्यातल्या प्रत्येक महिन्यात २,८०० कमी पडतात, चार महिन्यांत ११ हजारांहून जास्त. ते उन्हाळ्यातून बाजूला ठेवले तरच भरतील, आणि उन्हाळ्याचा पैसा आपल्याकडे जूनला शाळेची फी, बियाणं आणि खतात जातो हे प्रत्येक घराला माहीत आहे. शिवाय शेजारच्या वाडीत दुसरं कांडप आलं आणि हातात येणारा पैसा पाव हिश्श्याने घटला, तर वर्षाचा हप्तासुद्धा पुरा निघत नाही. वहिनींच्या मेहनतीचं तर काहीच उरत नाही.

तारण नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, ते मला पटत नाही. हप्ता ९० दिवस थकला की बँक खातं बुडीत वर्गात टाकते. हा पावसाळा तर १२० दिवसांचा आहे! त्याची नोंद सिबिलला लागली की पुढे पोराच्या शिक्षणाचं कर्जही अडतं.

म्हणून आम्ही उलटीकडून हिशोब केला. सगळ्यात वाईट महिन्याला हातात २,१०० येतात, तर हप्ता त्याच्या आतच हवा. त्यात ९० हजारांचं कर्ज बसतं, पाच वर्षांसाठी, हप्ता १,९५७. दुसरं यंत्र सोडलं, शेडऐवजी पडवी वापरायचं ठरलं. तीन वर्षांच्या मानाने अकरा हजार व्याज जास्त जाईल, हे खरं. मला ते चुकीचं वाटत नाही, कारण तेवढ्या पैशात चार महिन्यांची झोप मिळते. उन्हाळ्यात जादा पैसे आले तर मुद्दलात भरायचे. फक्त मुदतीआधी भरल्यास दंड आहे का, हे सही करण्याआधी विचारून घ्यायचं.

एका पतसंस्थेनेही "आम्हीही ११ टक्केच" असं सांगितलं होतं. पण ते फ्लॅट निघाले, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच. दीड लाखावर तीन वर्षांत ४९,५०० व्याज होतं. बँकेच्या घटत्या शिलकेवरच्या हिशोबात ते २६,८०० च्या आसपास आहे. म्हणजे पतसंस्थेचा खरा दर जवळजवळ २० टक्के. तेव्हा दर विचारू नका, "एकूण किती रुपये परत करायचे?" असं विचारा आणि आकडा लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट मला उशिरा सुचली. कर्ज कधी हातात येतं यावर पहिलं वर्ष ठरतं. जूनमध्ये यंत्र आलं असतं तर पहिले चार हप्ते मोकळ्या यंत्रावर भरावे लागले असते. आम्ही बँकेला जानेवारीत वाटप मागितलं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र बसलं, आणि पहिली मिरची आमच्याच घरची दळली.