पंगतीनंतरची 138: मोजली कधी, हे आधी बघा

"भात-जिलबीला उगाच बदनाम केलंय. भातावर तुपाची धार घेतली की साखर चढत नाही. खात्री करून घ्या, जेवण झाल्यावर दोन तासांनी तपासा, 140 च्या आतच येते. आणि भाकरी-उसळ काय नि भात काय, शेवटी पिष्ट ते पिष्टच!"

मधुमेह असलेल्यांना रक्तातल्या साखरेबद्दल पंगतीत असं ऐकवलं जातं. सुरुवात तपासणीपासून करू, कारण या म्हणण्याचा सगळा भरवसा तिच्यावरच ठेवलेला आहे. दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. पुण्यातल्या मंगल कार्यालयातली पंगत धरा. साडेबाराला वरणभात वाढला, मग मसालेभात, जिलबी, मठ्ठा. उठेपर्यंत सव्वा वाजला. तिथून दोन तास म्हणजे सव्वातीन, पहिल्या घासाला पावणेतीन तास झाले. अशा जेवणाची साखर बहुतेकदा तास-सव्वा तासात शिखर गाठते. समजा दीड वाजता ती 205 होती, अडीचला 168 आणि सव्वातीनला 138. कागदावर राहिली फक्त 138. आकडा खरा आहे, पण तो उतारावरचा आहे आणि चढ कुणी पाहिलाच नाही.

त्यात घरचं मशीन. 100 च्या वरच्या आकड्यात त्याला 15 टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते, म्हणजे 138 दाखवलं तरी खरी साखर साधारण 120 ते 160 यांत कुठेही असू शकते. उलट बाजूची चूकही होते: बोटाला जिलबीचा पाक राहिला असेल तर आकडा भलताच वर जातो. साबणाने हात धुवा, कोरडे करा, मगच बोट टोचा. एकाच जेवणाची तुलना करायची तर जेवणाआधी, पहिल्या घासानंतर एक तासाने आणि दोन तासांनी असे तीन आकडे घ्या.

तुपाबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. स्निग्ध पदार्थामुळे जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून शिखर थोडं ठेंगणं होतं आणि उशिरा येतं. पण भातातलं पिष्ट कुठे जात नाही. ते उशिरा रक्तात उतरतं आणि साखर जास्त वेळ वर रेंगाळते. जेवणाआधी जलद इन्सुलिन घेणाऱ्यांना हे चांगलंच जाणवतं: सुरुवातीला साखर खाली, तीन-चार तासांनी वर.

आता ताटांची तुलना. दोन वाट्या, म्हणजे साधारण 300 ग्रॅम शिजलेल्या भातात 80 ते 85 ग्रॅम कर्बोदकं असतात. वर दोन जिलब्या. जिलबीच्या पाकातल्या साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो मशीनवर दिसत नाही, थेट यकृताकडे जातो. म्हणून आकडा कमी आला तरी जिलबी निर्दोष ठरत नाही. दुसऱ्या ताटात 50 ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, म्हणजे सुमारे 35 ग्रॅम कर्बोदकं. सोबत वाटीभर मटकीची उसळ, पालेभाजी, दही घातलेली काकडीची कोशिंबीर. उसळीतही पिष्ट आहे, पण 30 ग्रॅम कोरड्या मटकीतून सुमारे 7 ग्रॅम प्रथिनं आणि भरपूर चोथाही मिळतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर या ताटाचा बराचसा फायदा कर्बोदकं कमी असण्यातूनच येतो. तीन भाकऱ्या खाल्ल्या तर तो संपला. उरलेला फायदा वेगाचा. मऊ भाताचं पिष्ट लगेच फुटतं. कडधान्याचं पिष्ट पेशींच्या भिंतीत अडकलेलं असतं, ते सुटायला वेळ लागतो. विरघळणारा चोथा आतड्यात लगद्यासारखा होतो आणि ग्लुकोज हळू झिरपतं. प्रथिनांमुळे इन्सुलिन जास्त स्रवतं आणि जठरही सावकाश रिकामं होतं.

क्रमाचाही परिणाम होतो, आणि पंगतीत नेमका तोच उलटा असतो: वरणभात आधी, कोशिंबीर डावीकडे तोंडी लावायला. न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टाइप 2 मधुमेहाच्या 11 जणांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव आणि रस 15 मिनिटांनी, असं केल्यावर एका तासाची साखर सुमारे 37 टक्के कमी आली. माणसं थोडी, पदार्थ तिकडचे. तरी घरी करून बघण्यासारखं आहे. आधी उसळ, भाजी, कोशिंबीर संपवा, मग दहा-पंधरा मिनिटांनी अर्धी वाटी भात घ्या.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र भात एकदम निम्म्यावर आणू नका. औषध जुन्या ताटाच्या हिशेबाने ठरलेलं असतं. घाम, थरथर, अचानक भूक लागली तर ती साखर उतरल्याची खूण आहे. डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर उसळीचं प्रमाणही त्यांनाच विचारून ठरवा.