शरीर दुसऱ्या बाईचं, म्हणून गुन्हा नाही?

"चेहरा तिनेच पब्लिक ठेवलेल्या फोटोतला, शरीर दुसऱ्याच बाईचं. खाली ‘एडिटेड’ लिहा आणि फक्त ग्रुपमध्ये टाका. तिचं काही दाखवलेलंच नाही, कायदा काही करू शकत नाही."

माझ्या भाचीचा असा फोटो एका मुलाने ग्रुपवर टाकला. तो काढ म्हणून तिने सांगितलं, तर उत्तरादाखल त्याने हा फॉरवर्ड पाठवला. म्हणून हे लिहितो आहे.

शरीराच्या मुद्द्यात तथ्य आहे ते एवढंच: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई माणसाच्या खाजगी अवयवांच्या चित्राबद्दल आहे, आणि ते अवयव भाचीचे नाहीत असा वाद वकील घालू शकतो. पण कायदा त्या एका कलमावर संपत नाही. कलम 67 आणि 67ए यांत शरीर कुणाचं हा प्रश्नच नाही. चित्र अश्लील आहे का आणि ते पाठवलं का, एवढंच तिथे पाहतात. पहिल्याच गुन्ह्याला 67 खाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड, उघड लैंगिक कृत्य असेल तर 67ए खाली 5 वर्षं आणि 10 लाखांपर्यंत. शिवाय 2021 च्या आयटी नियमांतला 3(2)(बी) वाचा. तक्रार आल्यावर मंचाने, म्हणजे फोटो जिथे टाकला त्या अ‍ॅपने किंवा साइटने, काय हटवायचं, त्यात कृत्रिमरीत्या मॉर्फ केलेल्या प्रतिमांचा थेट उल्लेख आहे. त्यासाठी चित्र नग्न असण्याचीही अट नाही. आणि ते ‘दुसरं’ शरीर? तीही एक जिवंत बाई आहे, तिलाही कुणी विचारलेलं नाही.

प्रोफाइल पब्लिक ठेवणं म्हणजे बघायची मुभा, तो चेहरा कुठेही चिकटवायची नव्हे. ‘एडिटेड’ लिहिल्याने बदनामीच्या दाव्यात थोडाफार बचाव मिळेलही, पण अश्लीलता लेबलने कमी होत नाही. ग्रुपचं तर बोलूच नका. कायद्याचे शब्द ‘प्रकाशित किंवा प्रसारित’ असे आहेत, आणि एकाच माणसाला पाठवणं हेही प्रसारण. पुढे ढकलणाराही त्यात येतो.

नुसता बनवून स्वतःच्या फोनमध्ये ठेवला तर? प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत इथे कायदा ढिला आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. पण चेहरा 18 वर्षांखालच्या मुलीचा असेल, तर 67बी खाली असं लैंगिक चित्र नुसतं तयार करणंही गुन्हा आहे. पॉक्सोच्या व्याख्येतही बदल करून बनवलेली चित्रं येतात. वर्गमित्रांच्या ग्रुपमध्ये हे खेळणाऱ्या मुलांना ही गोष्ट कुणीच सांगत नाही.

असं घडलं तर रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ मेसेज फोनमध्येच राहू द्या, कारण खरा पुरावा तोच. मग मंचाकडे तक्रार करा आणि cybercrime.gov.in वर नोंदवा. मंचाकडची तक्रार मुलीनेच करायला हवी असं नाही, तिच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. आमच्याकडे ती मी केली.