स्टॅटिन, बैठका आणि लघवीचा रंग

"अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू आहे. परवा जिममध्ये बैठका मारल्या, आज मांड्या भरून आल्यात. हे गोळीमुळे असेल का, ती बंद करू का?"

दादा, एवढ्यावरून करू नका. नव्या व्यायामाचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, मग ओसरतं. तोवर नुसतं चाला. आठवडाभरानंतरही तसंच राहिलं, किंवा ताण न पडलेले खांदेही दुखू लागले, तर डॉक्टरांना विचारून रक्तातलं सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम, तपासा. पण जिना चढताना पायच उचलेना, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर पुढची गोळी न घेता लगेच इस्पितळ गाठा, रात्र असली तरी. तो रंग फुटलेल्या स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा असू शकतो, आणि त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. माझ्या काकांनी तसा रंग उन्हामुळे आलाय असं समजून दोन दिवस घालवले. शेवटी डायलिसिस करावं लागलं.