पावडर टाकली म्हणून ॲल्युमिनियमचं स्टील होत नाही

‘ए-356 मध्ये 20 टक्के सिलिकॉन कार्बाइडची पावडर घाला. भार कडक कण उचलतात, म्हणून कण जितके जास्त तितकी ताकद जास्त. जॉब स्टीलला भारी पडतो, आणि मूळ धातू ॲल्युमिनियमच असल्यामुळे तुटायची भीती नाही.’

हा मजकूर कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांत फिरतोय. ए-356 म्हणजे ओतकामाचा एक ॲल्युमिनियम मिश्रधातू. तो वाचून कुणी ऑर्डर घेण्याआधी हे लिहितोय.

आधी भाराचं बघू. कण स्वतःहून भार उचलत नाही, भोवतालचं ॲल्युमिनियम त्याच्या पृष्ठभागाला धरून ओढतं तेव्हाच भार त्याच्यात जातो. काळ्या रानात दोन हात खोल ठोकलेली मेख उपटायला दोन माणसं लागतात, पण त्याच मातीतला वाटाण्याएवढा खडा बोटानं निघतो. लांब तंतूला धरायला पुरेशी लांबी मिळते, गोलसर कणाला मिळत नाही. असा हिशेब मांडणारं नेहमीचं सूत्र लावलं, तर 20 टक्के कणांमुळे यील्डमध्ये, म्हणजे धातू कायमचा वाकायला लागतो त्या ताणात, या वाटेनं जेमतेम 10 टक्क्यांची भर पडते.

बाकीच्या वाढीचा एक भाग येतो तो हीट ट्रीटमेंटमधून. जॉब 540 अंशांवरून पाण्यात बुडवला की ॲल्युमिनियम सव्वा टक्क्याच्या आसपास आकसतं, सिलिकॉन कार्बाइड मात्र त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंच. दोघांत सुमारे एक टक्क्याची तफावत राहते. 10 मायक्रॉनच्या कणाभोवती ती 0.1 मायक्रॉन भरते. ॲल्युमिनियमच्या स्फटिकात अणूंच्या रांगा एका वेळी 0.286 नॅनोमीटरच सरकतात. म्हणजे एवढी तफावत जिरवायला एका कणाभोवती तीनशेच्या वर डिस्लोकेशन, म्हणजे अणूंच्या रांगांतल्या चुका, तयार व्हाव्या लागतात. त्या एकमेकींत गुंततात, पुढची सरकण अडते आणि धातू कडक होतो. 20 टक्के कणांसाठी हिशेब केला तर यातून अंदाजे 30 मेगापास्कल मिळतात. कण 1 मायक्रॉनचा केला तर हीच भर 90 च्या पुढे जाते. म्हणजे टक्केवारीइतकाच कणाचा आकारही महत्त्वाचा आहे. पण इतकी बारीक पावडर मुशीत ढवळून नीट मिसळत नाही, तिचे गोळे होतात आणि कागदावरची ताकद हातात येत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांकडून सुटते. पाण्यात बुडवल्यानंतर जॉब मंद आचेवर ठेवतात, ते एजिंग. त्यात धातूच्या आतच तयार होणारे अतिसूक्ष्म कण याच डिस्लोकेशनवर लवकर जमतात, त्यामुळे कडकपणाचा शिखरबिंदू साध्या ए-356 पेक्षा आधी येतो. जुन्याच वेळेप्रमाणे भट्टीत ठेवलं तर तो ओलांडला जाऊ शकतो. दर तासाला तुकडा काढून कडकपणा मोजणं हाच यावर उपाय.

स्टीलच्या बाबतीत एक गोष्ट मान्य करतो. 20 टक्क्यांच्या या मिश्रणाचं यील्ड टी-6 अवस्थेत, म्हणजे पाण्यात बुडवणं आणि एजिंग दोन्ही झाल्यावर, सुमारे 340 मेगापास्कल मिळू शकतं, साध्या स्ट्रक्चरल स्टीलचं 250 असतं. पण ताठपणा स्टीलच्या निम्म्याच्या आसपास, 98 गिगापास्कल. आणि ते स्टील तुटण्याआधी 23 टक्के लांबतं, हे मिश्रण अर्धा टक्काही लांबत नाही. नुसतं ए-356 सुमारे 6 टक्के लांबतं.

खरं नुकसान इथंच आहे. माझ्या डोळ्यांसमोर एक लिव्हर असाच गेला. 20 मिलिमीटरच्या बोअरमध्ये 0.08 मिलिमीटर जास्तीचा स्टील बुश प्रेसनं बसवला. बुश अजिबात दबला नाही असं धरलं, तर बोअरची कड 0.4 टक्के ताणली जाणार, बुश दबला तर त्याहून कमी. साधं ए-356 तिथं थोडं दबून मोकळं झालं असतं. या लिव्हरला दबायला वावच नव्हता, बोअरच्या तोंडापासून सरळ चीर गेली.

तुटलेल्या दोन्ही बाजू सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. समोरासमोर जुळणाऱ्या जागी दोन्हीकडे कणाचा अर्धा अर्धा भाग दिसला तर कण स्वतः फुटलाय. एका बाजूला अख्खा कण आणि दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला तर पकड सुटलीय. आमच्या तुकड्यात मोठे कण फुटले होते, आणि चीर जिथून सुरू झाली तिथं कणांचा एक गोळा होता. त्याच्या आत ॲल्युमिनियम शिरलंच नव्हतं. मोठा कण आधी फुटतो, कारण त्याच्यात दोष असण्याची शक्यता जास्त. आणि गोळा म्हणजे तयार चीरच. भोवतीचं ॲल्युमिनियम कितीही मऊ असलं तरी ही चीर थांबवायला त्याला जागा उरत नाही.

पुढच्या खेपेला आम्ही बुशचा जास्तीचा माप 0.02 वर आणला, बोअरची कड गोल केली आणि प्रत्येक हीटमधून, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूतून, कडकपणाच्या तुकड्यासोबत टेन्साइलचा तुकडाही काढला. कडकपणाचा आकडा दोन्ही खेपांत जवळपास सारखाच होता.