भात सोडलात, चपाती मात्र मोजायची राहिली

"डायबिटीसवाल्यांनी भात कायमचा बंद करा. चपाती गव्हाची असते, मोजायची गरज नाही. वरण म्हणजे प्रोटीन. गोड खायचं तर गुळाचं खा, गुळाने शुगर वाढत नाही."

हा मेसेज मावशीने मला पाठवला तोवर तिने तो अमलातही आणला होता. ती जेवणाआधी इन्सुलिन घेते, डॉक्टरांनी १२ ग्रॅम कार्बला १ युनिट ठरवून दिलंय. त्या दुपारी तिने भात टाळला आणि भरपाई म्हणून दोनाऐवजी चार चपात्या नि वाटीभर वरण खाल्लं. मोजण्यासारखं काही नाही म्हणून इंजेक्शनच घेतलं नाही. दोन तासांनी मीटरवर ३१८.

चपातीचंच आधी बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या तक्त्यात १०० ग्रॅम कणकेत ६४ ग्रॅम कार्ब आहेत, तेही तंतू वगळून. म्हणजे 'चोथा असतो ना' म्हणून आणखी काही वजा करायचं नाही. मावशी ३०० ग्रॅम पीठ मळते, त्यात ८ चपात्या होतात. एकीत साडेसदतीस ग्रॅम पीठ, म्हणजे २४ ग्रॅम कार्ब. चार चपात्यांचे ९६. वरणाचे १२ धरले तर १०८, म्हणजे चुकलेली ९ युनिटं. उंड्याचं वजन करत बसू नका, पाणी कमीजास्त पडलं की ते फसवतं. कोरडं पीठ मोजा आणि चपात्यांच्या संख्येने भागा. शेजारणीच्या फुलक्याचा आकडा आपल्या चपातीला लावायचा नाही, इतकंच.

आणि ज्या भाताला एवढा बदनाम केला त्याचं काय? ४० ग्रॅम तांदळाचा एक वाटी भात होतो, त्यात ३१ ग्रॅम. म्हणजे दीड चपातीहूनही कमी. पांढरा भात नुसता खाल्ला तर साखर भराभर चढते, हे मात्र खरं आहे. एवढं एक मान्य. पण म्हणून ताटातून उठवायची गरज नाही, वाटी मोजून वाढा.

वरणात प्रोटीन असतं, पण तूरडाळीच्या निम्म्याहून जास्त वजन कार्बचंच. पातळ वरणाच्या वाटीत २०-२२ ग्रॅम डाळ जाते, ते मघाचे १२ तिथून आले. घट्ट वरण असेल तर जास्त धरा.

गुळाचं तर बोलायलाच नको. मावशीच्या एका पुरणपोळीत हरभराडाळ, गूळ आणि कणीक साधारण २५-२५ ग्रॅम. डाळीचे १२, गुळाचे २१, कणकेचे १६, मिळून ४९. तेवढीच साखर घातली असती तर ५३ झाले असते. एवढ्या चार ग्रॅमच्या जोरावर 'शुगर वाढत नाही'?

मावशीच्या पिठाच्या डब्यावर आता चिठ्ठी आहे: १ चपाती २४. दुसऱ्या दिवशी दोन चपात्या, वाटीभर भात, वरण, ९१ ग्रॅमला साडेसात युनिटं. दोन तासांनी १६२. मेसेज कुणी पाठवला होता विचारलं, तर म्हणाली, "भिशीतल्या बायका."