काकांचा गॉगल आणि माझी नारंगी भिंत

परवा शेजारचे काका चहाला आले, हॉलच्या दारातच थबकले, खिशातून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेला काळा गॉगल काढला, डोळ्यावर चढवला, अन् मग चप्पल काढून आत आले. माझ्या घरात. संध्याकाळी सहा वाजता.

"काऊन हो काका?"

"काही नाही रे, तू बोल. ऊन लई पडलंय इथं."

परभणीत ऊन काय असतं ते मला शिकवू नका म्हणावं. पण खरं सांगायचं तर चूक माझी होती. सोफा भडक निळा, आणि रंगचक्रात निळ्याच्या बरोबर समोर नारंगी येतो, लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा, एवढं मी कुठंतरी वाचलं होतं. समोरासमोरचे रंग एकमेकांना खुलवतात म्हणे, म्हणून भिंत भडक नारंगी करून घेतली. खुलवतात ना! नारंगी बघताना डोळा शेजारच्या वस्तूवर आपणहून निळी झाक टाकतो, म्हणून निळा जास्त निळा दिसतो, अन् उलटंही तसंच. माझा करडा पडदा चक्क निळसर दिसायला लागला, तर बायको म्हणे दुकानदारानं फसवलं, बदलून आणा. फ्रान्समधल्या, भिंतीवरचे चित्रांचे पडदे विणणाऱ्या गोबलँ कारखान्यात हेच झालं होतं, काळं सूत फिकट पडतं अशी तक्रार, अन् शेवरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं दाखवलं की दोष सुतात नाही, शेजारच्या रंगात आहे. 1839 मध्ये त्याचं त्यावर पुस्तक आलं. बायकोला हे सांगितलं. पडदा तरी बदलून आणावा लागला.

काका मात्र गॉगलमधून भिंत बघत बशीत चहा ओतत होते. "सोफा हलतोय का रे?" मी म्हणलं नाही. "कडेला बघ, हलतोय." बघितलं, तर खरंच कड थरथरत होती. दोन्ही रंग सारखेच भडक अन् उजेड-अंधारातही सारखेच, म्हणून डोळ्याला कड पकडता येत नाही. काका म्हणे, "एका घरात दोन कर्ते झाले की असंच." यांच्या घरी तीन भाऊ अन् वाटणीची केस चालूय, तिथला अनुभव असणार!

मग पेंटरमामाला बोलावलं. त्यानं एका डबड्यात थोडा नारंगी घेऊन निळ्या स्टेनरचे दोन थेंब टाकले, रंग विटकरीकडं झुकला, छान. "अजून टाक" म्हणालो मीच, तर पार शेणकट झाला, कारण समोरासमोरचे रंग मिसळले की एकमेकांना मारतात. तेव्हा दोनच थेंबांवर थांबून हातभर पट्टा मारला, वाळू दिला, रात्री ट्यूबलाइटमध्येही बघितला. वाळल्यावर थोडा गडद झाला, म्हणून त्यात पांढरा घातला. आता तीन भिंती मलईसारख्या, एकच भिंत फिकट विटकरी, अन् खरा नारंगी फक्त दोन उशांवर.

मजुरी दोनदा गेली ती वेगळीच. काल काका पुन्हा आले, गॉगल न लावता बसले, चहा घेतला, अन् जाताना उशीकडं बोट करून म्हणाले, "ही तेवढी कपाटात ठेव."